फॉर्म्युला शेवटच्या तेरा ओळींपर्यंत पोचलाच नव्हता: दूध संस्थेच्या फरक बिलाची शीट कशी तपासावी

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे हिशेब बघते. दर दहा दिवसांचं बिल मशीनच्या सॉफ्टवेअरमधूनच निघतं, त्यात माझं काम थोडंच. पण दिवाळीआधी वाटायचा दर फरक मात्र आम्ही एक्सेलच्या शीटवर काढतो. मागच्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, ज्यानं जितके लिटर दूध घातलं त्यावर म्हशीला लिटरमागे अमुक आणि गायीला तमुक असा तो हिशेब. गणित चौथीतल्या पोराला येईल असं आहे. तरीही त्या वर्षी तेरा घरांचा फरक शीटमधून गळाला होता आणि बँकेत यादी द्यायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तो कसा सापडला, का गळाला आणि मी एकेक पाऊल काय केलं ते इथे क्रमानं लिहिते. तुमची शीट पगाराची असो, सोसायटीच्या मेंटेनन्सची असो नाहीतर दुकानाच्या उधारीची, तपासायची पद्धत हीच राहील.

आधी शीट कशी होती ते बघा. दुसऱ्या ओळीत दर होते, C2 मध्ये म्हशीचा अडीच रुपये आणि D2 मध्ये गायीचा दीड रुपया. चौथ्या ओळीत मथळे. पाचव्या ओळीपासून उत्पादकांची नावं. A कॉलममध्ये कोड नंबर, B मध्ये नाव, C मध्ये म्हशीचे लिटर, D मध्ये गायीचे लिटर, E मध्ये फरकाची रक्कम, F मध्ये पशुखाद्य आणि उचलीची कपात, G मध्ये हातात पडणारी रक्कम. २१६ व्या ओळीला नावं संपत होती, म्हणजे एकूण २१२ उत्पादक. २१७ व्या ओळीत B मध्ये ‘एकूण’ आणि पुढे बेरजा. E5 मधला फॉर्म्युला असा:

```
=C5*$C$2+D5*$D$2
```

डॉलरची खूण दराच्या सेलला बांधून ठेवते, लिटरचे सेल मात्र ओळीप्रमाणे खाली सरकतात. G5 मध्ये साधं `=E5-F5`.

त्या संध्याकाळी सचिव अण्णा मिठाईच्या खोक्यांची यादी घेऊन बसले होते. दिवाळीला संस्था प्रत्येक उत्पादकाला मिठाईचा एक खोका देते. ‘ताई, खोकी दोनशे बारा आलीत, बरोबर की?’ त्यांनी विचारलं. माझ्यासमोर बँकेची छापील यादी होती. तिचा शेवटचा अनुक्रमांक होता १९९. मी पान उलटून बघितलं, मागे काही नव्हतं.

अशा वेळी हात लगेच शीटमध्ये घुसतो. मोह तोच होतो, की दिसली रिकामी जागा, भरून टाकू. तसं करू नका. मी पहिल्यांदा फाइल बंद केली, तिची एक प्रत काढली, प्रतीच्या नावात तारीख टाकली आणि मूळ फाइल बाजूला ठेवली. कारण चूक कशी झाली याचा पुरावा त्या चुकलेल्या शीटमध्येच असतो. ती दुरुस्त झाली की पुरावा गेला, आणि मग कमिटीपुढे ‘काहीतरी झालं होतं’ एवढंच सांगता येतं. दुसरं काम म्हणजे अण्णांना सांगून बँकेची यादी थांबवली. पैसे एकदा खात्यावर गेले की दुरुस्ती दुप्पट महाग पडते.

पहिलं पाऊल: डेटा कुठे संपतो आणि फॉर्म्युला कुठे संपतो ते बघा

A5 वर क्लिक करून `Ctrl` दाबून खालचा बाण दाबला. कर्सर A216 वर थांबला. E5 वर जाऊन तेच केलं. कर्सर E203 वर थांबला. पुन्हा दाबला तर मधलं सगळं ओलांडून E217 वर, म्हणजे एकूणच्या ओळीत गेला. `Ctrl` आणि खालचा बाण भरलेल्या सेलच्या सलग पट्ट्याच्या टोकाला नेतो, त्यामुळे दोन कॉलममध्ये तो वेगवेगळ्या ओळीला थांबला की मधे काहीतरी राहिलंय हे उघड होतं. माझ्या शीटमध्ये २०४ ते २१६ या तेरा ओळींचा E कॉलम रिकामा होता, आणि त्याच ओळींचा G सुद्धा.

पुष्कळ जण यासाठी `Ctrl+End` वापरतात. त्यावर विसंबू नका. शीटमध्ये कधीकाळी कुठे रंग किंवा चौकट दिली असेल तर तो त्या रिकाम्या सेलपर्यंतही नेतो, आणि एका कॉलमचं टोक तर तो दाखवतच नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी स्वतः दोन दिवस ही शीट उघडून बसले होते. पण मी बघत होते वरचा भाग, जिथे जुने आणि मोठे उत्पादक आहेत, आणि खाली एकूणची ठळक ओळ. मधल्या शेवटच्या तेरा ओळी स्क्रीनवरून सरकून जात होत्या. शिवाय F मध्ये कपातीचे आकडे भरलेले होते, त्यामुळे ओळ रिकामी वाटत नव्हती.

दुसरं पाऊल: मोजणी

डोळ्यांनी बघून झालं की आकड्यानं खात्री करायची. शीटच्या बाजूला, J कॉलममध्ये, दोन ओळी लिहिल्या:

```
=COUNTA(A5:A216)
=COUNT(E5:E216)
```

पहिलीचं उत्तर २१२, दुसरीचं १९९. `COUNTA` रिकामा नसलेला कुठलाही सेल मोजतो, मग त्यात अक्षर असो वा आकडा. म्हणून तो नाव किंवा कोडच्या कॉलमला लावायचा. `COUNT` फक्त आकडे मोजतो, म्हणून तो रकमेच्या कॉलमला. उलटापालट केली तर तपासणी फसते. समजा रकमेच्या कॉलममध्ये असा फॉर्म्युला आहे की लिटर नसतील तर तो कोरी जागा दाखवतो. अशा दिसायला कोऱ्या सेललाही `COUNTA` भरलेला समजतो, कारण आत फॉर्म्युला आहे.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. मोजणी जुळली म्हणजे रक्कम बरोबर, असं नाही. कुणी चुकून शून्य टाकलं असेल तर `COUNT` तेही आकडा म्हणूनच धरेल. म्हणून पुढचं पाऊल गाळता येत नाही.

तिसरं पाऊल: तीच रक्कम दुसऱ्या वाटेनं काढा

E कॉलमची बेरीज होती ७,२३,४९०. हा आकडा अण्णांनी, मी आणि अध्यक्षांनी तिघांनी बघितला होता. तो कुणालाच खटकला नाही, कारण बेरजेचा फॉर्म्युला पूर्णपणे बरोबर होता. `=SUM(E5:E216)`, पट्टा शेवटच्या ओळीपर्यंत. फक्त `SUM` रिकाम्या सेलला गप्प बसून सोडून देतो, चुकीची खूण दाखवत नाही. सरासरी काढली असती तरी कळलं नसतं. `AVERAGE` सुद्धा रिकामे सेल मोजतच नाही, त्यामुळे माणशी सरासरी ३,६३५ रुपये आली असती. खरी सरासरी होती ३,६०८. सत्तावीस रुपयांच्या फरकावरून कोण काय ओळखणार? सेलच्या कोपऱ्यात येणारा हिरवा त्रिकोणही इथे कामाचा नाही. तो फॉर्म्युल्यातल्या शंकेसाठी येतो आणि या सेलमध्ये फॉर्म्युलाच नव्हता.

म्हणून E कॉलमची बेरीज E कॉलमनंच तपासता येत नाही. ज्या वाटेनं रक्कम आली तिला न शिवणारी दुसरी वाट हवी. इथे ती सोपी होती. आधी सगळे लिटर बेरीज करायचे, मग एकदाच दरानं गुणायचं:

```
=SUM(C5:C216)*C2+SUM(D5:D216)*D2
```

म्हशीचे एकूण २,१८,४०० लिटर, अडीच रुपयांनी ५,४६,०००. गायीचे १,४६,००० लिटर, दीड रुपयानं २,१९,०००. दोन्ही मिळून ७,६५,०००. शीटचे ७,२३,४९०. तूट ४१,५१० रुपयांची.

तुमच्या शीटमध्ये प्रत्येक ओळीची रक्कम पूर्ण रुपयात करण्यासाठी `ROUND` वापरलं असेल तर ही दोन उत्तरं तंतोतंत जुळणार नाहीत, आणि तसं होणं साहजिक आहे. पण त्या फरकाला वरची सीमा असते. एका ओळीत जास्तीत जास्त पन्नास पैसे इकडेतिकडे होतात, म्हणजे २१२ ओळींत अगदी वाईट धरलं तरी १०६ रुपये. प्रत्यक्षात काही ओळी वर जातात आणि काही खाली, त्यामुळे फरक त्याहून पुष्कळ कमी राहतो. शंभराच्या आतला फरक राउंडिंगचा असू शकतो, हजारातला नाही. ही सीमा स्वतःच्या शीटसाठी आधीच काढून ठेवा, नाहीतर ‘राउंडिंगचं असेल’ असं म्हणत माणूस काहीही सोडून देतो.

आता प्रश्न येतो की संस्थेचं दूध घेणाऱ्या दूध संघाकडून आलेल्या रकमेशी हे कुणी ताडून बघितलं नाही का? बघितलं होतं, आणि त्यामुळेच आम्ही आणखी निर्धास्त झालो. संघानं फरकापोटी ७,३१,००० रुपये दिले होते. संस्था गावातच थोडं दूध विकते, ते संघाकडे जात नाही, त्यामुळे संघाचा आकडा आणि आमचा आकडा कधीच एक नसतो. दरवर्षी संस्थेला थोडी भर स्वतःच्या नफ्यातून घालावी लागते. त्या वर्षी शीट ७,२३,४९० दाखवत होती, म्हणजे भर घालायची गरजच नाही, उलट साडेसात हजार उरत होते. अण्णा खूश होते, अध्यक्ष खूश होते. खरं तर ३४,००० रुपये घालावे लागणार होते. चुकीचा आकडा आपल्या सोयीचा असला की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि त्या दिवशी मीही बघितलं नव्हतं.

चौथं पाऊल: तूट नेमकी त्याच ओळींची आहे का

तेरा ओळी रिकाम्या आहेत आणि ४१,५१० रुपयांची तूट आहे. पण दोन्ही एकच गोष्ट आहे हे अजून ठरलेलं नाही. कदाचित तेरा ओळींचे तीस हजारच होत असतील आणि उरलेले दुसरीकडे कुठे चुकले असतील. म्हणून फक्त त्या तेरा ओळींचा हिशेब वेगळा काढला:

```
=SUM(C204:C216)*C2+SUM(D204:D216)*D2
```

म्हशीचे ९,८६० लिटर, त्याचे २४,६५०. गायीचे ११,२४० लिटर, त्याचे १६,८६०. बेरीज ४१,५१०. पैशापर्यंत जुळली तेव्हा मी पाणी प्यायले.

रिकाम्या ओळी एकत्र नसून विखुरलेल्या असतील तर त्या शोधायला एक्सेलमध्ये सोय आहे. E5 पासून E216 पर्यंत पट्टा निवडा, `Home` टॅबमध्ये `Find & Select`, त्यात `Go To Special`, मग `Blanks`. जेवढे सेल खरोखर रिकामे असतील तेवढेच निवडले जातात. एकही नसेल तर `No cells were found` असा निरोप येतो. मी हेही करून बघितलं, तेराच निघाले.

मग आणखी एक मोजणी केली, तुम्हीही ती करा:

```
=SUMPRODUCT(--ISFORMULA(E5:E216))
```

ही सांगते की पट्ट्यात फॉर्म्युले किती आहेत. मला १९९ अपेक्षित होते, आले १९८. म्हणजे एका सेलमध्ये आकडा होता पण फॉर्म्युला नव्हता. `Ctrl` आणि उलट्या स्वल्पविरामाचं बटण (आकड्यांच्या ओळीत १ च्या डावीकडचं) दाबलं की सगळे फॉर्म्युले उघडे दिसतात. E118 मध्ये हातानं टाईप केलेली रक्कम सापडली. कुणीतरी त्या उत्पादकाच्या लिटरबद्दल तक्रार आल्यावर कॅल्क्युलेटरवर हिशेब करून तिथे बसवली होती. रक्कम बरोबर होती, म्हणूनच वरच्या बेरजा जुळल्या. पण शेवटच्या क्षणी कमिटीनं दर पाच पैशांनी वाढवला असता, तर सगळ्यांची रक्कम बदलली असती आणि त्या एकाची तशीच राहिली असती.

फॉर्म्युला मधेच का थांबला

दुरुस्तीकडे जाण्याआधी मी अर्धा तास याच प्रश्नावर घालवला. मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या गावच्या वस्तीवर संकलनाचं दुसरं केंद्र सुरू झालं. तिथलं मशीन वेगळं, त्याची फाइल वेगळी. संस्थेत कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलानं आधी गावातल्या १९९ जणांची यादी पेस्ट केली, मग नीट दिसावं म्हणून एक ओळ मोकळी सोडून खाली वस्तीवरची तेरा नावं पेस्ट केली. त्यानंतर E5 मध्ये फॉर्म्युला लिहून सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर डबल क्लिक केलं. G लाही तसंच.

हा डबल क्लिक आपण सगळेच वापरतो आणि त्याचा नियम मात्र कुणी सांगत नाही. तो फॉर्म्युला खाली नेतो तो शेजारचा डेटा सलग जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच. पूर्ण रिकामी ओळ आडवी आली की त्याच्या दृष्टीनं डेटा तिथे संपला. त्या ओळीच्या पलीकडे काय आहे ते तो बघत नाही. संपल्यावर कुठलाही निरोप देत नाही. स्क्रीनवर वरच्या वीस-पंचवीस ओळी भरलेल्या दिसतात आणि माणूस पुढच्या कामाला लागतो.

नंतर छापायच्या आधी कुणीतरी ती मोकळी ओळ बरी दिसत नाही म्हणून काढून टाकली. बेरजेचा पट्टा आपोआप एक ओळ आखडला आणि बरोबरच राहिला. नावं सलग झाली. फॉर्म्युला कशाला अडखळला त्याची खूणच पुसली गेली. बँकेची यादी करताना G मध्ये रक्कम असलेल्या ओळीच गाळून घेतल्या होत्या, म्हणून तेरा जण यादीत आलेच नाहीत.

अशाच दुसऱ्या दोन वाटांनी शेवटच्या ओळी सुटतात. शीटवर फिल्टर लावलेला असताना फॉर्म्युला खाली ओढला तर तो दिसणाऱ्या ओळींतच उतरतो, लपलेल्या तशाच राहतात. आणि फॉर्म्युला भरून झाल्यावर उशिरा आलेली नावं शेवटी लिहिली तर त्यांना तो आपोआप मिळेलच असं नाही. तिन्ही वेळा मार बसतो तो खालच्या ओळींना, आणि खाली असतं कोण? नवे सभासद, लांबच्या वस्तीवरचे, उशिरा कागद देणारे. आमच्या तेरांपैकी बहुतेक घरांत एक म्हैस किंवा दोन गायी. त्यांचा हा पहिलाच फरक होता. किती यायला हवा होता हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे आला नसता तरी बहुधा कुणी विचारायलाही आलं नसतं.

जगातल्या मोठ्या अभ्यासातही नेमकं हेच घडलेलं आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर निबंध लिहिला आणि अनेक देशांत खर्चकपातीच्या वादात त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस हर्नडन याला त्यांची मूळ शीट मिळाली. देशांच्या ओळी ३० ते ४९ होत्या आणि सरासरीचा फॉर्म्युला `=AVERAGE(L30:L44)` असा होता. शेवटच्या पाच ओळी, म्हणजे डेन्मार्क, कॅनडा, बेल्जियम, ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया, बाहेर राहिल्या होत्या. ही चूक त्या दोघांनीही मान्य केली. निबंधावरच्या टीकेत इतर मुद्दे मोठे होते आणि या पाच ओळींचा वाटा त्यात लहान होता. पण ज्यांनी शीट उघडून पट्टा वाचला नाही त्यांना तो तीन वर्षं दिसला नाही.

पाचवं पाऊल: दुरुस्ती

डबल क्लिकनं झालेली चूक डबल क्लिकनं दुरुस्त करायची नाही. नेमका पट्टा स्वतः सांगायचा. फॉर्म्युला पट्टीच्या डाव्या टोकाला, जिथे सेलचं नाव दिसतं त्या खिडकीत, `E203:E216` टाईप करून एंटर केलं. म्हणजे शेवटची बरोबर ओळ आणि तिच्या खालच्या तेरा ओळी निवडल्या गेल्या. मग `Ctrl+D`. वरच्या सेलमधला फॉर्म्युला खाली उतरला. G साठी `G203:G216` निवडून तेच. E118 मधला हाताचा आकडा काढून तिथेही फॉर्म्युला बसवला.

आता सगळ्यात शेवटच्या सेलवर जाऊन फॉर्म्युला वाचायचा. E216 मध्ये हे दिसायला हवं:

```
=C216*$C$2+D216*$D$2
```

लिटरचे सेल त्याच ओळीचे आणि दर दुसऱ्या ओळीचा. वर डॉलर टाकायला विसरलं असेल तर इथे `C213` असलं काहीतरी दिसेल, म्हणजे दराऐवजी दुसऱ्या कुणाच्या लिटरनं गुणाकार होईल. पहिली ओळ नेहमी बरोबरच असते, कारण आपण ती लिहिताना बघितलेली असते. म्हणून मी पहिली ओळ तपासत नाही, शेवटची तपासते.

तिन्ही मोजण्या पुन्हा बघितल्या. कोड २१२, रकमा २१२, फॉर्म्युले २१२. दोन्ही वाटांनी रक्कम ७,६५,०००, फरक शून्य.

शीट दुरुस्त झाली म्हणजे काम झालं असं नाही. तिच्यातून पुढे काय काय गेलंय ते आठवून एकेक उलगडावं लागतं. बँकेची यादी नुसते आकडे पेस्ट करून केलेली होती, ती आपोआप बदलणार नव्हती. ती जुन्यात तेरा ओळी जोडून न करता मी पूर्ण नव्यानं काढली, कारण जोडाजोडीत एखादं नाव दोनदा जाण्याची भीती असते. त्या तेरा जणांची पशुखाद्य आणि उचलीची कपात १२,७०० रुपये होती. त्यांचा फरकच निघाला नव्हता म्हणून तीही वळती झाली नव्हती. आता त्यांच्या खात्यावर निव्वळ २८,८१० जायचे होते आणि १२,७०० त्यांच्या उचल खात्यात जमा दाखवायचे होते. फरकाची जमाखर्चाची नोंद ७,२३,४९० ला केलेली होती, ती ७,६५,००० ला केली. आणि संस्थेच्या नफ्यातून ३४,००० घालावे लागणार हे अध्यक्षांना त्याच रात्री फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘घाला, त्यांचंच दूध आहे.’

पुढच्या वर्षासाठी शीट कशी बांधली

पहिली गोष्ट, एकूणची ओळ खालून काढून वर, तिसऱ्या ओळीत नेली. बेरीज तळाला असली की नवीन नाव कुठे घालायचं हा प्रश्न येतो आणि कुणी ते बेरजेच्या खालीच लिहून मोकळं होतं. बेरीज वर असली की खाली हवी तेवढी जागा मोकळी राहते.

दुसरी, तपासणीचा सेल मथळ्याजवळ, डोळ्यांसमोर ठेवला. इथे मी आधी एक घोडचूक करणार होते. मी पट्टा E216 पर्यंतच लिहिला होता. उद्या २१७ व्या ओळीत नवीन नाव आलं तर तपासणीच त्या ओळीपर्यंत पोचणार नाही आणि वर ‘बरोबर’ असं दाखवत राहील. तपासणाऱ्या फॉर्म्युल्यालाही तोच आजार होऊ शकतो. म्हणून पट्टा मुद्दाम लांब ठेवला:

```
=IF(COUNT(E5:E1000)=COUNTA(A5:A1000),"बरोबर","ओळ सुटली")
```

बेरीज वर गेल्यामुळेच हे जमलं. ती खाली असती तर एकूणची रक्कमही मोजली गेली असती. लिटर गुणिले दराच्या तपासणीचा पट्टाही तसाच हजारापर्यंत नेला. सेलला रंगाची अट लावली, ‘ओळ सुटली’ आलं की तो लाल होतो.

तिसरी, मथळ्यांच्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत यादी निवडून `Ctrl+T` दाबून तिचं टेबल केलं. टेबलमध्ये एका सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला की तो त्या कॉलमला आपोआप लागतो, आणि टेबलाच्या लगेच खाली नवीन ओळ लिहिली की टेबल वाढून तिलाही मिळतो. आमच्या कामाला हे फार उपयोगी आहे. पण मधे एक ओळ मोकळी सोडून खाली पेस्ट केलं तर ती नावं टेबलात येतच नाहीत. म्हणजे आमची मूळ चूक टेबलनं एकट्यानं थांबली नसती. लाल सेल ती थांबवतो, म्हणून दोन्ही ठेवले. कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाला मी शेजारी बसवून, मोकळी ओळ सोडून डबल क्लिक करून दाखवलं. तो कुठे थांबतो हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी २१२ नावांची यादी बँकेत गेली. दिवाळी झाल्यावर निवांत वेळ मिळाला तेव्हा मी त्याआधीच्या वर्षाची शीट काढून त्याच मोजण्या तिला लावल्या. कोड १९७, एकूणची ओळ वगळून रकमा १९५. त्या वर्षी वस्तीवरचं केंद्र नव्हतं, पण एकूणच्या ओळीखाली दोन नावं लिहिलेली होती, लिटर भरलेले आणि पुढे काही नाही. एकाचे १,१४० रुपये होत होते, दुसरीचे ८६५. कमिटीत ठराव करून ते मागील वर्षाचा खर्च म्हणून टाकले. एक जण अजून दूध घालतो, त्याच्या खात्यावर गेले. दुसऱ्या मावशींनी म्हैस विकून दूध घालणं बंद केलं होतं. त्यांचं जुनं खातं चालू आहे का ते बँकेत विचारून घेतलं आणि ते चालू होतं.